वहीत आज, बँकेत उद्या

पोरी, तुला गटाची खजिनदार केलं हे ऐकून बरं वाटलं. पनवेलच्या या बाजूला मी बरीच वर्षं बचत गटाची वही सांभाळली. अकरा-बारा बायकांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे आपल्या हातात असतात, म्हणून चार गोष्टी आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट बैठकीच्या तारखेची. आपल्याकडे कुणी खारघर-कामोठ्याला घरकामाला जाते, कुणी मासळी विकते, कुणाचा नवरा रिक्षा चालवतो. घरकामाचे पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात, म्हणून आम्ही दहा तारीख धरली होती. ती पावसात पाळली, लग्नसराईतही पाळली. चारच जणी आल्या तरी वही उघडायची आणि कोण आलं, कोण नाही ते लिहायचं. एकदा तारीख हलली की पुढच्या महिन्यात कुणी तरी ‘आज बैठक आहे की नाही?’ असं विचारते. त्यानंतरच्या महिन्यात पैसे घरीच ठेवून येते. सरकारच्या ‘उमेद’ अभियानातली पंचसूत्री तुला ट्रेनिंगमध्ये सांगतील. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी, अशी ती पाच सूत्रं. पहिलं सूत्र ढिलं पडलं की बाकीची चार आपोआप सुटतात. बँकही कर्ज देताना किमान सहा महिन्यांचं कामकाज वहीतूनच बघते.

दुसरी गोष्ट नोंदीची. पैसे हातात आले की सभासदाच्या पासबुकात तिथल्या तिथे, तिच्या डोळ्यांदेखत लिही. ‘घरी जाऊन लिहिते’ असं कधी म्हणू नकोस. जिला वाचता येत नाही तिला आकडा मोठ्याने सांग आणि शेजारणीकडून वाचून घ्यायला लाव. शाईच्या पेनानेच लिही. चूक झाली तर खोडू नकोस, व्हाइटनर तर मुळीच लावू नकोस. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मार, वर बरोबर आकडा लिही, शेजारी सही कर. खाली काय लिहिलं होतं ते दिसायला हवं. जिथे ते दिसत नाही, तिथे बघणारी आपल्या मनाने काही तरी वाचते.

बारा जणींचे शंभर-शंभर म्हणजे बाराशे व्हायला हवेत आणि कुणी नव्वदच आणले, तर तू आपल्या कनवटीचे दहा घालून बेरीज जुळवायला जाशील. तसं करू नकोस. तिच्या नावावर नव्वदच लिही आणि दहा बाकी दाखव. दहा रुपये गेल्याचं दुःख नाही. पण एकदा वहीत जे घडलं नाही ते लिहिलं, की तुझा चांगुलपणाही खोट्या नोंदीत जमा होतो. पुढे कधी दहा कमी पडले, तर तू ते कुठून आणलेस आणि कुठे नेलेस, हे कुणाला कळणार?

तिसरी गोष्ट व्याजाची. इथे फार घरं बिघडतात. समज, एकीने पाच हजार घेतले, दरमहा एक टक्का व्याज आणि दहा हप्त्यांत परतफेड ठरली. दर महिन्याला मुद्दल पाचशे. पहिल्या महिन्याचं व्याज पन्नास, कारण पूर्ण पाच हजार बाकी आहेत. दुसऱ्या महिन्यात साडेचार हजार उरतात, म्हणून पंचेचाळीस. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात पाच रुपये. एकूण व्याज 275 रुपये. आणि कुणी दर महिन्याला मूळ पाच हजारांवरच पन्नास धरले, तर पाचशे होतात. म्हणजे सव्वादोनशे जास्त. कर्ज देतानाच हा तक्ता कागदावर लिहून तिच्या हातात दे. आणि तुला स्वतःला कर्ज हवं असेल तर ठराव अध्यक्षबाईंकडून मांडून घे, इतिवृत्तात लिहून घे, आणि बाकीच्यांची गरज भागल्यावरच घे.

चौथी गोष्ट रोकडीची. बैठक संपता संपता पैसे सगळ्यांसमोर मोज, आकडा वहीत लिही, दोघींच्या सह्या घे आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत भर. भरणा-पावती वहीला टाच. काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर कुणालाही सही करू देऊ नकोस आणि स्वतःही करू नकोस. ‘बाईंना बँकेत यायला वेळ नाही’ म्हणून आधीच सह्या करून ठेवलेल्या स्लिपा मी पाहिल्यात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

अशाच एका गटातली हकीकत सांगते. गणपतीच्या आधी खजिनदारणीने गटाची रोकड चार दिवस घरखर्चाला वापरली. पाचव्या दिवशी पै न पै भरली. पण पावतीवरची तारीख बैठकीच्या तारखेशी जुळेना, आणि एकीच्या ते लक्षात आलं. पैसे परत आले होते, तरी भांडण थांबलं नाही. बायका त्या चार दिवसांवर थांबल्या नाहीत, त्यांनी मागची दोन वर्षं उलटून काढली. पूर्वी साधी वाटलेली प्रत्येक खाडाखोड, प्रत्येक उशिराची पावती आता संशयाची झाली. विश्वास चढायला वेळ का लागतो आणि उतरायला का नाही, ते इथे कळतं. बरोबर लिहिलेली एक नोंद फक्त आपल्यापुरती साक्ष देते, खोटी निघालेली एक नोंद मात्र आधीच्या सगळ्या नोंदींवर बोट ठेवते. तो गट सहा महिन्यांत मोडला.

मोठ्या संस्थेचंही असंच होतं. आपल्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर जून 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि ऑगस्ट 2021 मध्ये परवाना रद्द केला. बनावट कर्जखाती दाखवून शेकडो कोटी रुपये बाहेर नेल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. काउंटरवरचं पासबुक बरोबर दिसत होतं, आतली कर्जवही मात्र ठेवीदाराला कधी दिसत नव्हती. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून सुमारे 95 टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसत होती. पण त्या दिवसांत आमच्या गटातल्या बायकाही मला विचारू लागल्या, ‘आपलं खातं कुठं आहे? पासबुक बघू.’ मी पासबुक घेऊन बैठकीला गेले आणि हातोहात फिरवलं. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीत बँकेचं पासबुक फिरवायची पद्धतच पडली. तूही पाड.

विश्वासालाही मर्यादा आहे, तीही ध्यानात ठेव. तुझ्यावरचा विश्वास वाढेल तशा बायका मोजणं सोडतील. ‘तू आहेस ना!’ म्हणतील. त्याने सुखावू नकोस, मोजायलाच लाव. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून वही तपासून घे. दोन-तीन वर्षांनी पद सोड आणि दुसरीला शिकव. बैठकीतल्या बेरजेत चूक सापडली, तर कुणी विचारायच्या आत त्याच बैठकीत आपणहून सांग, आणि ती कशी दुरुस्त केली तेही लिहून ठेव. येत्या दहा तारखेला बैठकीला जाताना निळं पेन, कॅल्क्युलेटर आणि बँकेचं पासबुक सोबत ने, आणि वही पहिल्यांदा सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या हातात दे.