हातात आलेल्या गुणांवरून आजची टक्केवारी

२०२१ मध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्य मंडळाने लेखी गुणांसाठी ३०-३०-४० चं सूत्र दिलं. दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची सरासरी ३० टक्के, अकरावीतले त्या विषयाचे गुण ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत चाचण्या ४० टक्के. चौसाळ्यात मी शिकवणी घेतो. त्या जुलैत पोरं एकच विचारायची, “सर, आमचं आत्ता किती होतंय?” दहावी-अकरावीचे गुण हातात होते, बारावीचे कॉलेजच्या कपाटात.

१. न आलेले गुण म्हणजे शून्य नव्हे. एका मुलीची दहावीची सरासरी ८४ टक्के, अकरावीला अर्थशास्त्रात ५८. तिने गणित मांडलं: ८४ चे ३० टक्के २५.२, ५८ चे १७.४, बेरीज ४२.६. “सर, बेचाळीसच?” तिचा चेहरा उतरला. पण हे ४२.६ शंभरातले नाहीत, साठातले आहेत. तिसऱ्या भागाचा भार अजून मैदानात उतरलेलाच नाही. म्हणून ४२.६ ला ०.६० ने भागायचं: ७१ टक्के. म्हणजे ३० आणि ३० हे भार फुगून ५०-५० झाले. आपसातलं प्रमाण तेच राहिलं, बेरीज तेवढी शंभर झाली.

२. हे ७१ म्हणजे निकाल नव्हे. बारावीतही तिला ७१ मिळाले, तरच शेवटी ७१ येतील. भागाकारात तेच गृहीत धरलेलं असतं. ६० मिळाले तर ४२.६ मध्ये २४ मिळून ६६.६. एकूण ७५ हवे असतील तर ३२.४ कमी पडतात, ते ०.४० ने भागले की ८१. पोरांना खरं उपयोगी पडतं ते हे शेवटचं गणित.

३. एक्सेलमध्ये रिकामा रकाना रिकामाच ठेवावा. B मध्ये भार, C मध्ये टक्केवारी:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUMIF(C2:C4,"<>",B2:B4)
```

कुणी सवयीने तिथे ० टाकला की भाजकात १०० येतात आणि उत्तर पुन्हा ४२.६. गैरहजर मुलाला मात्र ० च टाकायचा. त्याचे गुण यायचे राहिलेले नाहीत, गेलेले आहेत.

४. सगळ्यात फसवा प्रकार अर्धवट भरलेल्या भागाचा. बारावीची एकच चाचणी तपासून झाली आणि तिच्यात ९० मिळाले, तर सूत्र त्या एका पेपरला पूर्ण ४० टक्के देऊन टाकतं आणि ७१ चे थेट ७८.६ होतात. अशा वेळी मी चाचण्या किती व्हायच्या ते विचारतो. समान गुणांच्या चार असतील तर त्या पेपरचा भार १० धरायचा: ४२.६ अधिक ९, भागिले ०.७०. उत्तर ७३.७ च्या आसपास.

तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण या सूत्राबाहेर होते. ते नंतर, वेगळे मिळवायचे.