कोळेरोगाची दुसरी फवारणी : रेडिओवर आलेले प्रश्न

रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात तासभर बसलो, तेव्हा मिरी, मुडली, भात, खतं अशा सगळ्याची तयारी करून गेलो होतो. प्रत्यक्षात बहुतेक फोन एकाच गोष्टीचे आले. जोयड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतोय, आता काय करू? वेळ संपल्यावरही काही जण लाईनवर थांबले होते. म्हणून ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून काढतो. बागेची आखणी, शेणखत, पाटपाणी यातलं काही सांगत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नंदीगद्देहून : *पहिली फवारणी जूनच्या सुरुवातीला केली होती. तरी गळ सुरू झाली. औषध बनावट होतं का?*

औषधाला दोष देण्याआधी तारखा मोजा. बोर्डो मिश्रणाचा लेप चाळीस-पंचेचाळीस दिवस पुरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात फवारलं असेल तर जुलैच्या मध्यापासून तुमचा घड उघडाच आहे. शिवाय सुपारी या काळात वाढते आणि तिची नवी साल लेपाबाहेर पडते. म्हणजे दुसरी फवारणी आत्ता व्हायला हवी. पाऊस सप्टेंबरमध्ये लांबला तर तिसरीही करावी लागेल.

रोग कसा चालतो ते एकदा समजून घ्या, मग तारखा पाळायला सांगावं लागणार नाही. कोळेरोगाची फायटोफ्थोरा ही बुरशी पाण्यावर जगते. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहतात. पावसाचा थेंब रोगट सुपारीवर आपटला की तुषारांबरोबर ते शेजारच्या घडावर, वाऱ्याबरोबर शेजारच्या बागेत जातात. झडीचा पाऊस, मध्येच तासभर ऊन, पुन्हा झड, आणि हवेत गारवा, हे त्यांना सगळ्यात मानवतं. जोयड्याचा आषाढ-श्रावण नेमका असाच असतो. तांबं सालीवर आधीच वाळून बसलेलं असेल तर बीजाणू रुजतानाच मरतो. एकदा तो देठाच्या टोपीखालून आत शिरला की वरून कितीही निळं ओता, आतली सुपारी वाचत नाही. बोर्डो हे राखण करणारं औषध आहे, बरं करणारं नाही.

गुंदहून : *फवारल्यानंतर सुपाऱ्यांवर डाग आले आणि त्या गळल्या. रोग वाढला म्हणून पुन्हा फवारू का?*

थांबा. आधी डाग बघा. कोळेरोगाचा डाग देठाजवळ, टोपीच्या कडेला सुरू होतो. तो ओला, गडद हिरवा दिसतो, सुपारीची चकाकी जाते आणि डाग खाली पसरत जातो. गळलेली सुपारी तीन-चार दिवस सावलीत ठेवली तर तिच्यावर पांढरी लव येते. फवाऱ्याने भाजलेल्या सुपारीवरचे डाग कोरडे, तपकिरी असतात. जिथे थेंब साचला तिथेच, बहुधा वरच्या बाजूला, ते येतात आणि लव येत नाही. दुसऱ्या प्रकारचे डाग असतील तर पुन्हा तेच मिश्रण मारणं म्हणजे जखमेवर मीठ.

गुंदच्याच बाजूला काही वर्षांपूर्वी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका पाटावर दोन भावांच्या लागून लागून बागा. एकाच दिवशी, एकाच पंपाने, एकाच माणसाकडून फवारून घेतल्या. थोरल्याची बाग स्वच्छ राहिली, धाकट्याच्या बागेत डाग आणि गळ. धाकटा म्हणे भावाने चांगलं मोरचूद स्वतःला ठेवलं. भांडण पंचायतीपर्यंत जायच्या बेतात होतं. मोरचूद दोघांचं एकाच पोत्यातलं निघालं. फरक चुन्यात होता. थोरल्याने कळीचा चुना आणून आदल्या दिवशी विरवला होता. धाकट्याने मागच्या वर्षीचं फोडलेलं पोतं वापरलं होतं. वजन मात्र दोघांनी काटेकोर, किलोला किलो.

उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा खडू होतो. दिसायला पांढरीच पूड, काट्यावर किलोच भरतो, पण मोरचुदाची आंबटाई मारायचं बळ त्यात उरत नाही. मग मोकळं तांबं मिश्रणात राहतं आणि ते बुरशीबरोबर सुपारीची सालही जाळतं. धाकट्याच्या पिंपाच्या तळाशी थोडं मिश्रण उरलं होतं. त्यात घासलेला कोयता बुडवला, तर पातं तांबूस होऊन बाहेर आलं. भांडण तिथेच मिटलं, नुकसान मात्र मिटलं नाही.

कुंभारवाड्याहून : *मग नेमकं बनवायचं कसं? आम्ही एका पिंपात दोन्ही टाकून काठीने ढवळतो.*

हाच प्रकार मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. हजारो रुपये मजुरीवर जातात, आणि अर्ध्या तासाच्या कामात घाई होते.

शंभर लिटरसाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला कळीचा चुना घ्या. मोरचूद फडक्यात बांधून पन्नास लिटर पाण्यात रात्री टांगून ठेवा, सकाळी विरघळलेलं असतं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं हवं. लोखंडी किंवा पत्र्याचं पिंप चालणार नाही, तांबं त्याच्यावरच बसतं. चुना थोड्या पाण्यात विरवा, थंड होऊ द्या, गाळा आणि त्याचं पाणी पन्नास लिटर करा. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता आणि सतत ढवळत राहा. उलट करू नका. दोन्ही घट्ट विरघळवून एकत्र करायची आणि नंतर पाणी घालायचं, हेही करू नका. कण जाड होतात, नोझल तुंबतं आणि लेप पावसात धुऊन जातो. नीट जमलेलं मिश्रण आकाशी रंगाचं असतं आणि पटकन तळाला बसत नाही.

मग कोयत्याची किंवा सुरीची चाचणी. घासून चकचकीत केलेलं पातं मिनिटभर बुडवून ठेवा. तांबूस थर आला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा आणि पातं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तपासा. प्रत्येक पिंपाला तपासायचं, पहिल्याच नव्हे. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. रात्रभर ठेवलेलं उद्या कितीही ढवळलं तरी पूर्वीसारखं चिकटत नाही.

उळवीहून : *मिश्रणात युरिया, धुण्याची पावडर आणि जनावरांचं एक अँटिबायोटिक घातलं तर गुण जास्त येतो असं ऐकलं.*

कोणाकडून ऐकलं ते विचारत नाही. युरियाने बुरशी मरत नाही, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही, आणि धुण्याच्या पावडरीने मिश्रण फाटू शकतं. चिकटपणा हवा असेल तर राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेला चिकटा जुन्या बागायतदारांना माहीत आहे. नाहीतर बाजारातला चिकटा पाकिटावरच्या प्रमाणात घ्या. बाकी काही घालू नका. मैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनडाहून आलेल्या शास्त्रज्ञाने 1910 मध्ये कोळेरोगावर पुस्तिका लिहिली आणि मलनाडात बोर्डोची फवारणी रुजवली. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेलं औषध आहे ते. त्याला तुमच्या फोडणीची गरज नाही.

तिनईघाटाहून : *चढणारा माणूस मिळत नाही. खालून लांब दांड्याने फवारलं तर चालेल? की घडांना प्लास्टिक बांधू?*

कार्बन फायबरच्या दांड्याने चालेल, पण एका बाजूने फवारून पुढे जाऊ नका. झाडाला फेरी मारा, नोझल घडाच्या वर न्या आणि देठ-टोपीची बाजू भिजली पाहिजे, कारण रोग तिथूनच शिरतो. फवारल्यावर मिश्रण वाळायला दोन-तीन तासांची उघडीप लागते. वाळण्याआधी सर आली तर ती फवारणी झालीच नाही असं धरा.

घडाला आच्छादन बांधणं ही जुनी आणि खरी रीत आहे. पूर्वी गवताचे आणि विरीचे कोट्टे बांधत, आता प्लास्टिक आलं. पण ते पाऊस सुरू होण्याआधी, कोरड्या घडावर आणि खालून उघडं ठेवून. आत्ता रोग आत बसलेला असताना बांधाल तर त्या उबेत सगळा घड सडेल.

गावाचं नाव न सांगता एका ताईंनी विचारलं : *गळलेल्या सुपाऱ्या झाडाखालीच राहू दिल्या तर खत होतं ना?*

ताई, खत होईल तेव्हा होईल, तोवर त्या रोगाचं कोठार आहेत. रोज किंवा एक दिवसाआड वेचा, बागेबाहेर नेऊन खोल पुरा किंवा जाळा. पाटात टाकू नका, खालच्या बागेला तुमचा रोग पाण्यातून पोहोचेल. शेंड्यात मागच्या वर्षीचे सुकलेले घड अडकलेले असतील तर तेही काढा. माणूस फवारायला चढलेलाच असतो, त्याला कोयती देऊन ठेवा.

जगलबेटहून : *पोफळीवरच्या मिरीची पानं काळी पडून गळतायत. खाली ट्रायकोडर्मा घातलंय, वरून बोर्डो मारू?*

मिरीची शीघ्र मर ही त्याच फायटोफ्थोराच्या कुळातली. वरून एक टक्का बोर्डो मारा. मात्र तांब्याचं औषध मुळाशी ओतलंत तर पैसे देऊन आणलेलं ट्रायकोडर्मा स्वतःच माराल. दोन्हीत काही आठवड्यांचं अंतर ठेवा. आणि वेलाच्या बुडाशी पाणी थांबतंय का ते आधी बघा. चर उघडला नाही तर दोन्ही औषधं वाया.

मुडलीच्या पानांवर गोल, वलयांचे डाग येऊन पानं जळाल्यासारखी होतात, असाही एक फोन होता. मुडली अळवाच्या कुळातली आणि हा करपाही फायटोफ्थोराचाच. डागाळलेली पानं सकाळी दव असताना हाताळू नका, कोरड्या वेळी काढून नष्ट करा. पुढच्या वर्षीचं बियाणं या वाफ्यातलं ठेवू नका. पोफळीच्या पानांवर पिवळ्या कडेचे ठिपके येणारा पानठिपका हा मात्र वेगळा रोग. त्याला वेगळं औषध लागतं, त्यासाठी पान घेऊन कार्यालयात या.

शेवटचा फोन अणशीहून : *एका पोफळीचं मधलं कोवळं पान पिवळं पडून हातात आलं.*

ते ओढल्यावर बुडाशी सडका वास आला का, असं विचारलं तर हो म्हणाले. हाच रोग घडावरून शेंड्यात चढला आहे. बहुधा ऑगस्टपासून अशी झाडं दिसू लागतात. लगेच चढून कुजलेला भाग चांगला भाग लागेपर्यंत खरवडा, वर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना. वरून पाणी जाणार नाही असं झाका, नवा कोंब येईपर्यंत. गाभ्याचा कोंबच कुजला असेल तर झाड वाचणार नाही. ते तोडून शेंडा जाळा आणि भोवतीच्या झाडांच्या शेंड्यांवर त्याच दिवशी एक टक्का बोर्डो फवारा.