शेळीचं आणि उंटाचं दूध: मधुमेह-अ‍ॅलर्जीचे दावे, पुरावे आणि तुमचं लेबल



लातूर-नांदेडकडच्या तरुणांना शेळीपालनात एक नवा कोपरा दिसतोय. शेळीचं दूध बाटलीत भरून शहरात विकायचं. काही जणांना राजस्थान-गुजरातकडून उंटाच्या दुधाची पावडर मागवून तिची एजन्सी घ्यायची आहे. दोन्ही धंदे करता येतात. अडचण येते ती जाहिरातीत. आज आपण तेवढंच बघू.

समजा, उदगीरच्या एका होतकरू उद्योजकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला हा मजकूर तयार केला आहे:

"शुद्ध उस्मानाबादी शेळीचे दूध. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी उत्तम. दूध न पचणाऱ्यांसाठी वरदान. शुगर कंट्रोलसाठी उंटाच्या दुधाची पावडरही मिळेल, यात नैसर्गिक इन्शुलिन असते."

असे मेसेज तुम्ही पाहिले असतील. आता यातला एकेक दावा गाईच्या दुधाशेजारी ठेवून तपासू.

आधी हिशेब: असा मजकूर लिहावासा का वाटतो?

उस्मानाबादी शेळी ही मुळात मांसाची जात. ती बहुतेक वेळा जुळी करडं देते आणि खरा पैसा त्या करडांचा. दूध दिवसाला अर्धा ते दीड लीटर, तेही साधारण चार महिने. समजा तुमच्याकडे दुधात असलेल्या दहा शेळ्या आहेत आणि सरासरी एक लीटर धरलं. दहा लीटर झालं. त्यातलं निम्मं करडांना सोडलं तर विक्रीला राहिलं पाच लीटर. करडांचं दूध तोडलं तर त्यांचं वजन मार खातं आणि ईदच्या बाजारात भाव पडतो.

पाच लीटर गाईच्या दुधाच्या भावाने विकून पेट्रोलसुद्धा सुटत नाही. म्हणजे भाव दुप्पट-तिप्पट हवा. एवढा भाव कोण देईल? ज्याच्या घरात आजार आहे तो. आजाराची ओळ जाहिरातीत शिरते ती इथून.

दावा १: "गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी उत्तम"

हा दावा सगळ्यात धोक्याचा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

अ‍ॅलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची. शरीर त्या प्रथिनाला शत्रू समजतं. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, श्वासाला घरघर लागते. गंभीर झालं तर जिवावर बेततं.

आता गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी हे सगळे प्राणी एकाच कुळातले. त्यांच्या दुधातली केसीनसारखी मुख्य प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधावर चिडलेल्या शरीराला शेळीच्या दुधातला फरक बहुधा कळतच नाही. इटलीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २६ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेळीचं दूध पाजून पाहिलं. २६ पैकी २४ मुलांना त्रास झाला.

म्हणजे आपल्या उदगीरच्या मित्राने ज्या गिऱ्हाइकाला खास बोलावलं, त्याच गिऱ्हाइकाच्या बाळाला हे दूध अपाय करण्याची शक्यता सर्वांत जास्त.

उंटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. उंट दुसऱ्या कुळातला, आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं जे प्रथिन गाईच्या व शेळीच्या दुधात असतं, ते उंटाच्या दुधात नसतं. कतारमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅलर्जी असलेल्या ३८ मुलांची त्वचेवर चाचणी केली. शेळीच्या दुधाला २४ मुलांची चाचणी पॉझिटिव्ह आली, उंटाच्या दुधाला फक्त ७ मुलांची. फरक मोठा आहे, पण ती ७ मुलं कोणती हे लेबल वाचून कोणाला कळणार? ते चाचणी करणारा डॉक्टरच सांगू शकतो. त्यामुळे "उंटाचं दूध अ‍ॅलर्जीवर सुरक्षित" असंही लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी कोणत्याच जनावराचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी असतं. फक्त त्यावर वाढवलेल्या बाळांना एक विशिष्ट रक्तक्षय होतो, आणि तो वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. बाळाला गाईचं दूध सोसत नसेल तर बालरोगतज्ज्ञ आईच्या खाण्यातून दूध बंद करून पाहतात किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर देतात. ती जागा आपल्या बाटलीची नाही.

दावा २: "दूध न पचणाऱ्यांसाठी वरदान"

इथे दोन वेगळे त्रास एकत्र केले जातात. अ‍ॅलर्जी प्रथिनांची, तर "दूध पचत नाही, पोट फुगतं, गॅस होतो, संडास लागते" हा त्रास बहुधा दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. शेळीच्या दुधात लॅक्टोज गाईपेक्षा किंचितच कमी असतं. ज्याला गाईच्या ग्लासभर दुधाने त्रास होतो, त्याला शेळीच्या ग्लासभर दुधाने आराम पडेल असं धरून चालता येत नाही.

शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण बारीक असतात आणि त्याचं दही मऊ लागतं, हे खरं. काही लोकांना ते हलकं वाटतं. ती त्यांची आवड झाली, तिच्यावरून उपचाराचा दावा करता येत नाही. लॅक्टोजचा त्रास असलेल्या माणसाला दही-ताक बहुधा जास्त सोसतं, कारण विरजणात थोडं लॅक्टोज खर्ची पडतं आणि दह्यातले जंतू उरलेलं पचवायला मदत करतात. लाल कंधारी किंवा देवणी गाईच्या दुधाचं साधं ताक त्याला स्वस्तात पडतं, आणि गिऱ्हाइकाला कधीतरी ते कळतंच.

दावा ३: "उंटाच्या दुधात नैसर्गिक इन्शुलिन, शुगर कंट्रोल"

हा दावा पूर्ण हवेतला नाही, म्हणूनच तो नीट समजून घ्या.

बिकानेरच्या संशोधकांनी टाइप १ मधुमेहाच्या २४ रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १२ जणांना नेहमीचे उपचार, आणि १२ जणांना नेहमीचे उपचार अधिक रोज ५०० मिली उंटाचं दूध. दूध पिणाऱ्या गटाची इन्शुलिनची गरज कमी झाली, तिघांची तर शून्यावर आली. पावडर विकणारे याच अभ्यासाकडे बोट दाखवतात.

आता उद्योजकाने दोन प्रश्न विचारायचे. पहिला, माणसं किती? एका गटात बारा. एवढ्या लहान गटावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. दुसरा, तुलना कशाशी? दुसऱ्या गटाला गाईचं दूध दिलंच नव्हतं. मग फरक उंटाच्या दुधाने पडला की रोज अर्धा लीटर कोणतंही दूध पिऊन, हे यातून वेगळं काढता येत नाही.

गाईच्या दुधाशी थेट तुलना इराणमध्ये झाली. टाइप २ मधुमेहाच्या २० रुग्णांपैकी काहींना उंटाचं, काहींना गाईचं दूध, रोज ५०० मिली, दोन महिने दिलं. उंटाच्या दुधाच्या गटात रक्तातलं इन्शुलिन वाढलेलं दिसलं, पण उपाशीपोटीच्या साखरेत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. हा अभ्यासही लहानच आहे. म्हणून आज एवढंच म्हणता येतं: संशोधनाचा विषय आहे, उपचार नाही.

"नैसर्गिक इन्शुलिन"चं काय? इन्शुलिन हे प्रथिन आहे आणि पोटात प्रथिनं पचून जातात, म्हणूनच ते सुईने घ्यावं लागतं. उंटाच्या दुधातलं इन्शुलिन पोटातून सहीसलामत रक्तात पोहोचतं, असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही.

साधा हिशेबही करा. २०० मिलीच्या ग्लासात गाय, शेळी, उंट, कोणाचंही दूध घ्या, सुमारे ९ ग्रॅम लॅक्टोज असतंच. मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकाला ते दिवसाच्या खाण्यात मोजावंच लागतं.

खरा धोका पुढे आहे. टाइप १ च्या रुग्णाने "दुधातच इन्शुलिन आहे" समजून इंजेक्शन बंद केलं, तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, रक्तात आम्ल साठून तो बेशुद्ध होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

खाद्यपदार्थाच्या लेबलवर किंवा जाहिरातीत "हा आजार बरा होतो, टळतो" असा दावा करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, आणि त्याच्या आजारांच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस हीसुद्धा जाहिरातच. "कंपनीनेच पत्रक दिलं होतं" म्हणून एजंट सुटत नाही.

मग मजकूर कसा लिहायचा?

उदगीरच्या मित्राचा मेसेज असा बदलता येईल:

"उस्मानाबादी शेळीचे ताजे दूध. सकाळी काढलेले, थंड साखळीत घरपोच. उकळूनच वापरा. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असल्यास घेऊ नका. एक वर्षाखालील बाळासाठी नाही."

शेवटच्या दोन वाक्यांनी थोडी विक्री जाईल. पण जे गिऱ्हाईक जाईल, ते तसंही तुमच्याकडे तक्रार घेऊनच परत येणार होतं.

जी वाक्यं ठेवली, ती मात्र पाळावी लागतात. दूध काढताना बोकड लांब बांधा, नाहीतर त्याचा वास दुधाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद होते. दूध काढल्याबरोबर गाळून थंड करा. शेळ्यांची ब्रुसेलोसिसची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या. हा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो, म्हणून "कच्चं प्या, जास्त गुण येतो" असं कधी सांगू नका. आणि बाटलीवर कोणत्या जनावराचं दूध आहे हे लिहा. गाईचं दूध मिसळलं तर ते शेळीचं दूध उरत नाही.

उंटाच्या पावडरची एजन्सी घेताना कंपनीकडे दोन गोष्टी मागा: एफएसएसएआय परवान्याची प्रत आणि पाकिटावरचा पूर्ण मजकूर. पाकिटावर मधुमेहाचा शब्द नसून फक्त सेल्समनच्या तोंडी असेल, तर तो शब्द बोलण्याची जोखीम तुमच्या गळ्यात घातली आहे असं समजा.

आजचा गृहपाठ: तुमचा जाहिरातीचा मजकूर काढा आणि त्यातल्या प्रत्येक आजाराच्या नावाखाली रेघ मारा. ती नावं काढल्यावर जो भाव मिळेल, त्या भावात पाच लीटरचा हिशेब बसतो का ते कागदावर मांडा. बसत नसेल तर दूध करडांना पाजा आणि करडं विका. उस्मानाबादी शेळीचा तोच मूळ धंदा आहे.