एका ईमेलमध्ये चार प्रश्न

प्रश्न : बनशंकरीत फ्लॅट घेतला. बिल्डरच्या ऑफिसला सविस्तर ईमेल केली, उत्तर फक्त पार्किंगचं आलं. आता पुन्हा कसं लिहू?

उत्तर : तुमची ईमेल वाचली. ई-खात्याचा प्रश्न तिसऱ्या परिच्छेदात, गृहकर्जाच्या हकिकतीत दडलाय. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटणारच. शिवाय ‘ई-खातं आणि बेस्कॉमच्या मीटरवरचं नाव कधी बदलेल?’ हे वाक्य एक, प्रश्न दोन. एकाचं उत्तर दिलं की समोरच्याला काम झाल्यासारखं वाटतं.

पार्किंगचा विषय आता काढून टाका. सुरुवातीला फ्लॅट क्रमांक आणि नोंदणीची तारीख, एवढंच. मग मधे एकेक ओळ मोकळी सोडून :

१. ई-खातं : आमच्याकडून कोणती कागदपत्रं हवीत?

२. बेस्कॉम मीटर : नावबदलाचा अर्ज तुम्ही करणार की आम्ही?

‘कधी होईल?’ला ‘लवकरच’ म्हणून वाटेला लावता येतं, ‘कोण करणार?’ला तसं जमत नाही. कर्जाची जी माहिती ई-खात्यासाठी खरंच लागते, ती पहिल्या प्रश्नाखालीच लिहा.

चौथा प्रश्न, देखभाल खर्चाच्या हिशेबाचा, अकाउंट्स विभागाचा आहे. तो वेगळा विषय देऊन स्वतंत्र ईमेलने त्यांनाच पाठवा.