ज्याने काम पाहिले, त्याचेच नाव द्या

मुलाखत चांगली झाली, पगाराचे बोलणेही जवळपास ठरले, आणि मग कंपनीचा मेल येतो: तीन रेफरन्स पाठवा. इथपर्यंत प्रत्येक पाऊल विचार करून टाकलेला उमेदवार या टप्प्यावर मात्र घाईने फोनमधली नावे चाळतो आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या हुद्द्यापासून सुरुवात करतो. एखादे जनरल मॅनेजर, संचालक, कॉलेजचे प्राचार्य, नात्यातले कोणी वरिष्ठ अधिकारी. नोकरभरतीच्या कामात असे फोन लावून आणि पलीकडची उत्तरे ऐकून माझे मत पक्के झाले आहे, की उमेदवाराचे सर्वाधिक नुकसान याच निवडीने होते. मोठे साहेब कधी वाईट बोलत नाहीत. ते चांगले बोलतात, पण दोन वाक्यांत त्यांचे बोलणे संपते. ‘मुलगी हुशार आहे, मेहनती आहे, घ्या तिला.’ पुढचा प्रश्न विचारला, की ‘त्याचे तपशील मला आठवत नाहीत, तिच्या मॅनेजरला विचारा’. फोन करणाऱ्याच्या वहीत त्यानंतर काहीही लिहिले जात नाही, आणि ही कोरी जागाच पुढे उमेदवाराला नडते.

याचे कारण फोनवर काय विचारले जाते यात आहे. नोकरीच्या तारखा, हुद्दा, सोडण्याची औपचारिक नोंद या गोष्टी बहुतेक ठिकाणी वेगळ्या तपासल्या जातात. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरची नोंद त्यासाठी पुरते, आणि ते काम अनेकदा बाहेरच्या पडताळणी संस्थेकडे असते. रेफरन्सचा फोन त्यापलीकडच्या गोष्टींसाठी असतो. हा माणूस तुमच्या हाताखाली नेमके काय करायचा? अडचण आली तेव्हा कसा वागला? सुधारणा कुठे हवी? संधी मिळाली तर त्याला पुन्हा घ्याल का? या प्रत्येक प्रश्नाला प्रसंग सांगावा लागतो, आणि प्रसंग तोच सांगू शकतो जो तिथे होता. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी 1998 साली निवडप्रक्रियांवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. पुढच्या कामगिरीचा अंदाज बांधण्यात आराखडा ठरवून घेतलेल्या मुलाखतीची अचूकता त्यात 0.51 आली, तर रेफरन्स तपासणीची जेमतेम 0.26, पूर्ण अचूकता म्हणजे 1. काहीजण यावरून रेफरन्सना अर्थच नाही असे म्हणतील. माझे वाचन वेगळे आहे: बहुसंख्य रेफरन्स सारख्याच गुळगुळीत कौतुकाचे असतात, म्हणून त्यांतून माणसामाणसातला फरक कळत नाही. अशा ढिगात तपशिलाने बोलणारा एक आवाज उठून दिसतो, आणि तो मिळवणे उमेदवाराच्या हातात असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारी एक अभियंता. आधीच्या कंपनीत चार वर्षे, इथे तीन. आता तिला नाशिकच्या एका कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा हवी आहे, जिथे पुरवठादारांचे ऑडिट आणि ग्राहकांच्या तक्रारी ही मुख्य कामे आहेत. तिच्यापुढे चार नावे आहेत: सध्याचे प्लँट हेड, आधीच्या कंपनीतले क्वालिटी मॅनेजर, ज्यांच्याकडून माल यायचा त्या पुरवठादाराचे प्रॉडक्शन मॅनेजर, आणि सध्याच्याच विभागातून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेल्या एक वरिष्ठ सहकारी. हुद्द्याने प्लँट हेड सर्वांत वरचे. पण ते तिला महिन्याच्या आढावा बैठकीत पाहतात, तेवढेच. आधीच्या मॅनेजरांनी तिचे रोजचे काम चार वर्षे पाहिले आहे. पुरवठादाराच्या माणसाने तिला ऑडिटमध्ये समोरच्या बाजूने पाहिले आहे. ती चुका कशा दाखवायची, दुरुस्तीचा पाठपुरावा कसा करायची, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. सहकारी बाईंनी तिच्याबरोबर ग्राहकाच्या तक्रारी निस्तरल्या आहेत. मी हीच तीन नावे देईन, आणि याच क्रमाने.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मोठ्या नावाचे वजन पडतेच, निदान आपल्याकडे तरी. पडते, पण ते अर्ज पुढे सरकवण्यापुरते. ओळख काढून बायोडाटा योग्य टेबलावर पोचवणे आणि कामाची साक्ष देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी प्लँट हेडची ओळख जरूर वापरावी. दुसऱ्यासाठी तीच वापरली तर ओळखही वाया जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सध्याच्या नोकरीत कळले तर? नोटीस कालावधी तीन महिन्यांचा असलेल्या ठिकाणी ही भीती खरी आहे. म्हणून सध्याच्या कंपनीतल्या कोणाचेही नाव ऑफर लेटर हातात येण्यापूर्वी देऊ नये, आणि तसे रेफरन्सच्या पानावर सरळ लिहावे. ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क ऑफरनंतर, मला कळवून करावा’ हे वाक्य कोणत्याही अनुभवी एचआर अधिकाऱ्याला खटकत नाही. तिथून बाहेर पडलेल्या सहकारी बाई मधल्या काळाची उणीव भरून काढतात.

नाव ठरले तरी होकार मिळवायचा असतो, आणि इथे आपली भीड आड येते. मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. ‘माझे नाव देऊ का?’ या प्रश्नाला ‘दे की, त्यात काय विचारायचे’ हे एकच उत्तर येते, आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा, की नाही म्हणायला वाट राहील: ‘सर, या जागेसाठी ऑडिट आणि तक्रारींच्या कामाबद्दल विचारतील. माझ्या त्या कामाबद्दल तुम्ही सविस्तर सांगू शकाल का? वेळ नसेल किंवा दुसऱ्या कोणाचे नाव जास्त योग्य वाटत असेल, तर तसे सांगा, मला चालेल.’ मग उत्तराकडे नीट लक्ष द्यावे. मनापासून तयार असलेला माणूस लगेच उलट विचारतो: कंपनी कोणती, जागा कुठली, फोन कधी येईल? ‘बघू’, ‘सध्या जरा धावपळ आहे’, ‘एचआरला विचारावे लागेल’ हे सभ्य नकार आहेत. ते नकार म्हणूनच घ्यावेत आणि पुन्हा गळ घालू नये. भिडेखातर दिलेला होकार फोनवर चाचरत उतरतो, आणि ऐकणारा त्या चाचरण्याचा अर्थ उमेदवारावर काढतो. काही कंपन्यांत मॅनेजरने रेफरन्स देण्यावर बंदीही असते. तिथे ‘विचारावे लागेल’ हे खरेच असते, आणि बाहेर पडलेला माणूस शोधणे हाच उपाय.

होकारानंतर त्यांना तयार करायचे. अनेकांना हे पढवून ठेवण्यासारखे वाटते आणि ते संकोचतात. हा संकोच प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या जागी आहे. चार वर्षांपूर्वीचे काम कोणालाही लगेच आठवत नाही. घडलेली गोष्ट आठवून देणे आणि न घडलेली बोलायला लावणे यांत स्पष्ट अंतर आहे. मी एवढेच पाठवायला सांगेन: जागेची जाहिरात, आपला आत्ताचा बायोडाटा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मावेल असा एक निरोप. आपल्या उदाहरणात तो साधारण असा: ‘नमस्कार सर. नाशिकच्या त्या कंपनीकडून या आठवड्यात फोन येईल. अनोळखी नंबर असेल, कृपया उचला. मी मुलाखतीत रबर सीलच्या तक्रारीबद्दल बोलले; आपण दोघे पुरवठादाराकडे गेलो होतो आणि साच्याचे तापमान तपासले होते, तोच प्रसंग. सुधारणेबद्दल विचारले तेव्हा मी सांगितले, की सुरुवातीला माझे रिपोर्ट उशिरा जायचे. तुम्हाला वेगळे वाटत असेल तर जरूर तसेच सांगा.’ अनोळखी नंबर न उचलण्याची सवय आता सर्वांना आहे, म्हणून कोणत्या कंपनीचा किंवा पडताळणी संस्थेचा फोन येणार हे कळवणे फार गरजेचे. आणि शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. उणीव विचारल्यावर ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तर उमेदवाराने सांगितलेली उणीव आणि मॅनेजरने आपल्या शब्दांत सांगितलेली उणीव जुळली, की बाकीचे कौतुकही खरे वाटू लागते. वाक्ये मात्र लिहून देऊ नयेत. दोघांच्या तोंडून एकच वाक्य आले, तर ते तत्काळ ओळखू येते.

आता ते पान. नावे आणि नंबर बायोडाट्यात घालू नयेत. बायोडाटा नोकरीच्या पोर्टलवर जातो, एजन्सीकडे जातो, तिथून कुठे जातो हे आपल्याला कळत नाही, आणि ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला त्यांचे मोबाइल नंबर त्याबरोबर फिरत राहतात. शिवाय कोणाला कधी फोन जाईल यावर आपला ताबा राहत नाही, मग पूर्वसूचना कशी देणार? ‘मागितल्यास रेफरन्स देऊ’ ही ओळही नको. ते सर्वांना माहीत असते. वेगळे पान तयार ठेवावे आणि मागितल्यावरच पाठवावे. वरच्या बाजूला आपले नाव, फोन, मेल आणि तारीख, बायोडाट्याच्याच मांडणीत. खाली प्रत्येक व्यक्तीचे नाव, आजचा हुद्दा आणि संस्था, मोबाइल, चालू असलेला मेल. इथपर्यंत सगळेच लिहितात. फरक पडतो तो पुढच्या दोन ओळींनी. पहिली नात्याची: ‘2018 ते 2022 या काळात मी यांच्या हाताखाली थेट काम केले, तेव्हा ते क्वालिटी मॅनेजर होते.’ आजचा हुद्दा आणि तेव्हाचा हुद्दा वेगळे असतील, तर हे लिहिल्याशिवाय वाचणारा गोंधळतो. दुसरी विषयाची: ‘पुरवठादार ऑडिट आणि ग्राहकांच्या तक्रारींच्या कामाबद्दल सांगू शकतील.’ या ओळीमुळे फोन करणारा नेमका प्रश्न घेऊन फोन लावतो आणि त्याला नेमके उत्तर मिळते.

आणखी एक ओळ मी आग्रहाने घालायला सांगेन: फोन कधी करावा आणि कोणत्या भाषेत. कारखान्यातला माणूस पहिल्या पाळीच्या गडबडीत बोलू शकत नाही. बंगळुरूहून इंग्रजीत फोन करणाऱ्या एचआरला, पुरवठादाराचे प्रॉडक्शन मॅनेजर हिंदीत किंवा मराठीत जास्त मोकळे बोलतील, हे आधी कळले तर तो तसा माणूस फोनवर बसवतो. नाही कळले, तर इंग्रजीतल्या अडखळण्यालाच तो त्यांचे मत समजतो. सगळे मिळून एक पान पुरते. पाठवण्याच्या दिवशी तिघांचे नंबर आणि मेल पुन्हा तपासावेत, कारण नोकरी बदलली की कंपनीचा मेल बंद होतो आणि पडताळणीचा मेल परत येतो. चौथे नाव होकार घेऊन हाताशी ठेवावे, पानावर घालू नये. कोणी परगावी असेल, आजारी पडले असेल, तर त्याच दिवशी बदली नाव देता येते. पुढच्या वेळी जागा वेगळी असेल तर क्रम आणि विषयाच्या ओळी बदलाव्यात, आणि परवानगीही नव्याने घ्यावी. निकाल लागला, की तिघांनाही फोन करून सांगावे, जागा मिळाली नसली तरीही. त्या बोलण्यातच अनेकदा कळते, की फोन आलाच नव्हता, किंवा आला तेव्हा नेमके काय विचारले गेले.