नळीतील हवा आणि ध्वनीचा वेग

अनुनाद नळीचा प्रयोग झाला की प्रयोगवहीत एक गोष्ट आम्हाला नेहमी दिसते. उत्तर ३३२ मीटर प्रति सेकंद आले नाही, तर वाचनेच खोडून बदललेली असतात. म्हणून हा प्रयोग येथे पूर्ण करून पाहू.

नळीच्या खालच्या टोकाला पाणी असते, म्हणजे ती एका बाजूने बंद असते. ५१२ हर्ट्झचा नादकाटा (हिंदी पुस्तकातील 'स्वरित्र') रबरी ठोकळ्यावर हलकेच आपटून नळीच्या तोंडावर धरा. काट्याच्या भुजा काचेला लागू देऊ नका. पाणी हळूहळू खाली उतरवत गेले की एका जागी आवाज एकदम मोठा होतो. हाच अनुनाद. तेथे हवेच्या स्तंभाची लांबी मोजा. पाणी वर-खाली करून दोन वाचने घ्या व सरासरी काढा.

समजा, पहिली लांबी १५.८ सेंमी आली. बंद नळीत ही लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असते, असे आपण शिकतो. त्यावरून वेग ४ × ५१२ × ०.१५८, म्हणजे सुमारे ३२४ मीटर प्रति सेकंद येतो. तो कमी का आला? कारण हवेचे कंपन नळीच्या काठाशी थांबत नाही, ते थोडे बाहेरपर्यंत जाते. ही जादा लांबी नळीच्या आतील व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते. आपली नळी ४ सेंमी व्यासाची असेल, तर १.२ सेंमी.

यावर उपाय सोपा आहे. पाणी आणखी उतरवा. ४९.७ सेंमीवर आवाज पुन्हा वाढेल. दोन्ही लांबींत बाहेरचा भाग सारखाच असल्याने वजाबाकीत तो निघून जातो. उरलेले ३३.९ सेंमी म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी.

v = 2n(l₂ − l₁)

वेग = २ × ५१२ × ०.३३९ = ३४७ मीटर प्रति सेकंद.

आता कोणी म्हणेल, पुस्तकात तर ३३२ आहे! तो वेग शून्य अंश सेल्सिअसच्या हवेतला. दर अंशामागे वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. प्रयोगशाळेत २७ अंश असतील, तर सुमारे ३४८ यायलाच हवेत. म्हणून तापमान वहीत अवश्य लिहा. ३४७ खोडून ३३२ केले, तर बरोबर उत्तर चुकीचे होते.

दुसरी लांबी पहिलीच्या तिपटीहून किंचित जास्त हवी. येथे तिप्पट ४७.४ आहे आणि वाचन ४९.७. वाचन तिपटीहून कमी निघाले, तर कान फसला असे समजून पुन्हा मोजा.

नळी दोन्ही टोकांनी उघडी असेल, तर पहिल्या अनुनादाला अर्धी तरंगलांबी लागते व हवा दोन्हीकडून बाहेर कंप पावते. म्हणून त्याच काट्याला त्याच व्यासाची उघडी नळी ३३.९ मधून २.४ वजा करून, सुमारे ३१.५ सेंमीची लागेल. पुठ्ठ्याची नळी कापून हे पडताळून पाहता येईल.