दम आधी वाढतो, नडगी मागाहून

दोरीवरच्या उड्या सुरू करणारा माणूस बहुधा एकच आकडा मनात धरतो: रोज हजार. मीही तोच धरला होता. सातपूरला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, एमआयडीसीतल्या पाळ्या, त्यामुळे मैदानाची वेळ जमत नाही. दोरी घरातच फिरते म्हणून ती घेतली. दोन-तीन आठवड्यांत दम छान टिकू लागला आणि त्याच सुमाराला डाव्या नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागला. आधी तो पहिल्या काही उड्यांना जाणवे आणि अंग तापलं की जाई. पुढे उड्या संपल्यावरही राहू लागला. शेवटी तर पाळीवरून येऊन जिना चढतानाही दुखायचं. नडगीचं दुखणं बहुतेकांचं याच क्रमाने चढतं, म्हणून तो सांगितला. पहिल्या टप्प्यावर उड्या कमी केल्या तर ते थोडक्यात आवरतं; तिसऱ्यावर पोचलं की काही आठवडे उड्या बंदच ठेवाव्या लागतात.

असं का होतं, हे एका फिजिओथेरपिस्टबाईंनी समजावलं. श्वास आणि हृदय नव्या व्यायामाला लवकर सरावतात. हाडाचं तसं नाही. नव्या भाराला उत्तर देताना ते आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं, आणि या कामाला महिने लागतात. मधल्या काळात हाड थोडं नाजूकच असतं, आणि नेमका तेव्हाच दम वाढलेला असल्यामुळे आपण उड्या वाढवतो.

तेव्हापासून मी मिनिटं किंवा उड्या मोजत नाही, पाय जमिनीवर किती वेळा टेकला ते मोजतो. नवशिक्या माणूस दोरीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एक छोटी जादा उडी घेतो. दोरी हळू फिरते, तेवढ्यात तोल सांभाळायला पाय आपोआप उचलला जातो. म्हणजे दोरीच्या हजार फेऱ्या झाल्या की पाय दोन हजार वेळा आपटलेला असतो, तोही स्लॅबवरच्या फरशीवर, जी तसूभरही दबत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आला. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी असल्यामुळे या भागातल्या पोरांना ते स्वप्न रोज डोळ्यांसमोर दिसतं. भरतीला मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, आणि मैदानात चिखल झाला की पोरं दोरी काढतात. "मामा, पळणं बुडालं तर निदान हजार उड्या तरी मारतो," तो म्हणाला. मी त्याला आधी जागा मोजायला लावली.

दोरीला डोक्यावर साधारण फूटभर आणि पुढे-मागे मिळून सात-आठ फूट मोकळी जागा लागते. रुंदीला चार फूट पुरतात. आमच्या खोलीत दिवाण सरकवला की लांबी निघते, पण मधोमध पंखा. तेव्हा पंख्याखाली दोरी फिरवायचीच नाही, दाराच्या बाजूला उभं राहायचं. ज्यांच्याकडे तेवढीही जागा नाही त्यांनी जुनी दोरी मधोमध कापून दोन तुकडे करावेत, खालच्या टोकांना गाठी माराव्यात, आणि दोन्ही हातांनी ते बाजूंना फिरवत उड्या माराव्यात. तुकडे जमिनीला घासणार नाहीत इतके आखूड ठेवावेत. मनगट आणि पाय यांचा ताल तोच राहतो, दोरी अडकत नाही, म्हणून शिकायला हीच पद्धत मला जास्त बरी वाटते. अखंड दोरी घेतली तर तिच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढाव्यात. त्या काखेपर्यंत आल्या की माप ठीक. पायांत चवड्याखाली जाड तळ असलेले खेळाचे बूट हवेत. पायांखाली रबराची पातळ घट्ट चटई चालते आणि खालच्या घरालाही आवाज कमी जातो. गादीवर मात्र उडी मारू नये, घोटा मुरगळतो.

पहिले दोन-तीन दिवस भाच्याने दोरी पायाखालून काढलीच नाही. दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी अंगाच्या बाजूला फिरवायची आणि ती जमिनीला टेकली की टाचा उचलायच्या, एवढंच. ताल बसल्यावर त्याच ठोक्याला बारीक उडी. उडी दोरी सरकेल एवढीच, म्हणजे इंचभर. चवडे आधी टेकतात, टाच मागून हलकेच लागते, गुडघे किंचित सैल राहतात. कोपरं बरगड्यांजवळ, हात कमरेच्या पातळीला, आणि फिरतं ते मनगट. खांदा फिरू लागला की दोरी मोठी होते आणि उडी आपोआप उंच जाते. मी स्वयंपाकघरात बसून नुसतं ऐकायचो. दोरीची टकटक पायांपेक्षा मोठी ऐकू आली तर उडी बरोबर. पायांचा धप आवाज आला की तो थकलाय, फेरी तिथेच थांबवायची, घड्याळात काही का उरलं असेना.

वेळ आम्ही अशी लावली. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद जागच्या जागी चालणं, अशा सहा फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. मिनिटाला एकशे दहाच्या तालाने वीस सेकंदांत सदतीसच्या आसपास उड्या होतात. म्हणजे दिवसाला सव्वादोनशेच्या आत आणि आख्ख्या आठवड्यात साडेसहाशेच्या आसपास. हे ऐकून भाचा नाराज झाला, कारण त्याचा एका दिवसाचा हजाराचा बेत याहून मोठा होता. त्यात जादा उडी धरली तर तीन पट मोठा.

दोन आठवडे नडगी शांत राहिली तेव्हा फेऱ्या आठ केल्या, मग दहा, सेकंद तेच. दहा फेऱ्या सहज जमल्यावर तीस सेकंद उड्या आणि तीस सेकंद आराम, पण फेऱ्या परत सहावर आणल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि पळण्याच्या दिवशी दोरी नाही. नडगीला पळणं आणि उड्या वेगळ्या कळत नाहीत, आठ तास सेफ्टी शूजमध्ये उभं राहणंही ती त्याच हिशोबात धरते. एकेका पायावर आलटून पालटून मारायच्या उड्या भाच्याला फार आवडतात, पण त्यात सगळा भार एका वेळी एकाच पायावर येतो, म्हणून त्या दीड-दोन महिन्यांनंतरच घेतल्या.

दोरी नसलेल्या दिवशी पोटऱ्यांचा व्यायाम: जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली, पंधरा-पंधराच्या तीन खेपा, आधी गुडघे ताठ ठेवून आणि मग थोडे वाकवून. गुडघा वाकवला की पोटरीचा आतला खोल स्नायू कामाला लागतो, आणि लँडिंगचा धक्का झेलण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

उड्या मारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वरपर्यंत अंगठा दाबत न्यावा. काहीच दुखलं नाही तर ठरलेलं पुढे चालू. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात हलकं दुखलं तर त्या आठवड्यात उड्या निम्म्या कराव्यात, आणि पुढच्या सकाळी वाढलेलं वाटलं तर बंदच ठेवाव्यात. मात्र दुखणं नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, दाबल्यावर तिथेच कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी घेणंच जमत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा दोरी ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं तिथेच असेल तर पुन्हा दाखवावं, आणि डॉक्टरांना उड्या कधीपासून आणि किती मारल्या तेही सांगावं.